मदत हवी आहे: प्राध्यापकांना लिहायच्या पत्रात आधीचे काम कसे जोडावे?

नमस्कार. भूजलातील समस्थानिकांवर काम करणाऱ्या एका प्राध्यापकांना संशोधन साहाय्यक पदासाठी ईमेल लिहीत आहे. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी बेसाल्टच्या एका पाणलोटातील विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजून पुनर्भरणाचा अंदाज काढला होता. या पद्धतीत पातळीतील वाढीला खडकाच्या विशिष्ट उत्पन्नाने, म्हणजे खडकातून निथळून मिळू शकणाऱ्या पाण्याच्या प्रमाणाने, गुणतात, आणि बेसाल्टमध्ये ते साधारण १ ते ३ टक्के धरले जात असल्याने ४ मीटर वाढीचा अर्थ ४० मिमी होतो किंवा १२० मिमीही होऊ शकतो. शिवाय पाझर तलावाखालच्या विहिरीत आलेले पाणी तलावाचे की थेट पावसाचे, हे पातळीवरून कळत नाही. तलावातील पाण्याचे बाष्पीभवन झालेले असल्यामुळे त्यात ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम या जड समस्थानिकांचे प्रमाण वाढलेले असते आणि आलेखावर ते पाणी पावसाच्या पाण्यातील या दोन समस्थानिकांचे नाते दाखवणाऱ्या रेषेपासून बाजूला सरकते, म्हणून हा प्रश्न त्यांच्याच पद्धतीने सुटू शकतो.

मसुद्यातले मुख्य वाक्य असे आहे: "माझ्या मोजणीतून पाणी किती वाढले याचा अंदाज मिळाला, परंतु ते कुठून आले हे समजण्यासाठी आपल्या प्रयोगशाळेतील पद्धत मला शिकायची आहे."

समस्थानिकांचे विश्लेषण मी स्वतः केलेले नाही, आणि ते पत्रात स्पष्ट लिहिणार आहे. मात्र प्रबंधाची ही मर्यादा पहिल्याच परिच्छेदात मांडावी, की आधी क्षेत्रकामाचा अनुभव सांगावा? अशी पत्रे वाचणाऱ्या किंवा लिहिलेल्या सदस्यांनी कृपया मत द्यावे. पातळीच्या नोंदींचा एक आलेख सोबत जोडणे योग्य ठरेल का, हेही कळवावे.