फुकट बाजूचा हिशेब

> खरेदीदाराकडून एक पैसा न घेता, उलट पदरचे घालून पोर्टल परवडतं कसं?

खरेदी करणारा दुकानदार आणि विकणारा कारखानदार, अशा दोन्ही बाजू एकत्र धरल्या की परवडतं. समजा, चादर-टॉवेलच्या पोर्टलला ऑर्डरमागे 20 रुपये खर्च येतो आणि कारखानदाराकडून 30 मिळतात. महिन्याला 1000 ऑर्डरी, शिल्लक 10000. आता दुकानदाराला 10 रुपये लावा. काही दुकानदार गळतात, गिऱ्हाईक घटलं म्हणून सोलापूरच्या अक्कलकोट रोडचे काही कारखानदार निघतात, माल कमी दिसला की आणखी दुकानदार जातात. ऑर्डरी 400 वर आल्या, तर ऑर्डरमागे 20 सुटूनही हातात 8000च.

मला जास्त काळजी गळतीची वाटते. पहिल्या ऑर्डरनंतर दुकानदार आणि कारखानदार पोर्टल टाळून फोनवरच सौदा करतात आणि ते 30 बुडतात. चौकशा वाढतायत, पण त्याच जोडीची दुसरी ऑर्डर येत नाही, हीच त्याची खूण.