मदत हवी आहे: रेशमी साडीवर तांबडा रस्सा सांडला, साबण लावल्यावर डाग लालभडक झाला!

आकाशी_पदर: परवा आमच्या कॉलनीत वास्तुशांतीचं जेवण होतं, मी आईची आकाशी रेशमी साडी नेसलेली, आणि वाढणाऱ्याचा हात हलला नि तांबड्या रश्शाचा थेंब पदरावर पडला, रुपयाच्या नाण्याएवढा. मी घाईघाईत बेसिनवरचा हात धुवायचा साबण लावून चोळलं तर पिवळा डाग एकदम लाल झाला आणि घरी येऊन बघते तर तिथला रंगही जरा पांढरट वाटतोय. काठ जरीचा आहे पण डागापासून वीतभर लांब. आई अजून काही बोललेली नाही, पण तिच्या लग्नातली साडी आहे ओ. काय करू? इथल्या लाँड्रीवाल्याने हात लावायला नकार दिलाय.

सुगरण_कसबा_बावडा: सोडा आणि लिंबू लावून उन्हात टाका, हळद उन्हात उडते. आमच्या घरी टेबलक्लॉथचं हेच करतो.

रंगारी_लक्ष्मीपुरी: सुगरणताई, उन्हाचं बरोबर आहे पण सोडा नको, सोड्यानं हळद लालच होते, साबणानं झालं तेच. आणि रेशमाला सोडा चालत नाही, धागा खराब होतो. ताई, डाग लाल झाला म्हणजे तो पक्का झाला असं नाही, फक्त हळदीनं रंग बदललाय. पांढरट दिसतंय ते मात्र चोळल्याचं असणार, ओलं रेशीम चोळलं की वरचा तंतू उसवतो, तिथला उजेड वेगळा दिसतो. ते परत येत नाही, म्हणून इथून पुढं चोळायचं नाही, फक्त टिपायचं.

आधी तेल काढा, हळद तेलात मुरलेली असते, तेल निघालं की बरीच हळदही निघते. साधी टाल्कम पावडर डागाच्या दोन्ही बाजूंनी टाकून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशनं झाडा. मग निऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यात पाणी लावून पांढरा कपडा पाच मिनिटं दाबून ठेवा, रंग कपड्यावर उतरला तर इथेच थांबा आणि चांगल्या ड्रायक्लीनवाल्याकडं द्या. नाही उतरला तर अर्धा लिटर गार पाण्यात पाव चमचा लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड घालून पांढऱ्या कापसानं उलट बाजूनं टिपा, खाली कोरडा कपडा ठेवून, तो डाग खालच्या कपड्यात जायला पाहिजे.

आकाशी_पदर: लिंबू का नको?

रंगारी_लक्ष्मीपुरी: लिंबानं लाल परत पिवळं होतं, डाग जात नाही, लोकांना गेल्यासारखा वाटतो. आम्ल तुम्हाला लागेल, पण साधं पांढरं व्हिनेगर, एक चमचा व्हिनेगरला पाच चमचे पाणी, त्याचीही आधी कोपऱ्यावर चाचणी. साबणाचा अंशही मारतं. ते टिपल्यावर जे पिवळं झालं ती हळद, जे अजून नारिंगी राहिलं ते मिरचीचं तेल, त्याला परत पावडर. जरीला व्हिनेगर लागू देऊ नका.

शाळेची_आई: माझ्या मुलाच्या पांढऱ्या शर्टला बॉलपेन फुटलंय, खिशापाशी निळा डबका, त्यालाही पावडर चालेल का?

रंगारी_लक्ष्मीपुरी: शाई वेगळी, तिला पावडर नको. सुती पांढरा शर्ट असेल तर कापसावर स्पिरिट घेऊन बाहेरून आत टिपा, खाली कपडा ठेवा आणि तो सारखा बदला, नाहीतर शाई पसरते. जेलपेनची असेल तर पूर्ण जाईलच असं नाही. आणि रंगीत कापडावर आधी आत कुठंतरी बघाच, स्पिरिट शाईबरोबर कपड्याचा रंगही ओढतं.

सुगरण_कसबा_बावडा: मग सोडा नको हे कळलं, पण ऊन तरी घालायचं का नाही? आकाशी रंगही उडेल ना.

रंगारी_लक्ष्मीपुरी: उडू शकतो, म्हणून पूर्ण साडी नाही टाकायची. पुठ्ठ्याला डागाएवढंच भोक पाडा, बाकी झाकलेलं. डाग किंचित ओला ठेवा, पंधरा मिनिटं सकाळच्या उन्हात, मग बघा. पुठ्ठ्याच्या कडेला आकाशी फिकट पडल्याची रेघ दिसली की बंद. हळद बाकी रंगांपेक्षा लवकर उडते, पण तुमच्या साडीचा रंग किती टिकतो ते मला इथून सांगता येणार नाही.

आकाशी_पदर: तीन दिवस केलं. कोपऱ्यावर रंग उतरला नाही. व्हिनेगरनं लाल गेलं, आकाशीवर हिरवट पिवळं दिसायला लागलं तेव्हा घाबरले होते, पण निळ्यावर पिवळं हिरवंच दिसणार हे नंतर लक्षात आलं. चार वेळा उन्हात ठेवून आता अगदी फिक्कट उरलंय, रेघ नाही. पण भोवती पाण्याचं एक वर्तुळ आहे आणि ती चोळल्याची जागा आहे तशीच.

रंगारी_लक्ष्मीपुरी: वर्तुळ कडा एकदम थांबल्यानं येतं. गार पाण्यात पिळलेल्या कपड्यानं बाहेरच्या बाजूला हलकं हलकं टिपत जा, कड विरघळली की सावलीत सपाट वाळवा, इस्त्री डाग पूर्ण जाईपर्यंत नको. पांढरट जागेचं, उलट्या बाजूनं बघा तिथं किती दिसतंय ते.

आकाशी_पदर: उलट्या बाजूनं दिसत नाही. आईला दाखवली, तिनं पदर हातात घेऊन म्हटलं, डाग राहिला तर राहू दे, पण आता हात लावू नको. आता उरलेलं फिक्कट ऊन घालून काढू का तसंच ठेवू?