मदत हवी आहे: तोंडी समज दिल्यावर एचआरने स्वतःजवळ ठेवायची नोंद कशी लिहावी?

प्रज्ञा_वाळूज
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या युनिटमध्ये एचआर ऑफिसर आहे. प्रेस शॉपमधला एक ऑपरेटर सेकंड शिफ्टला उशिरा येतोय. शिफ्ट साडेतीनची. पंचिंगमध्ये ४ तारखेला ३.५२, ७ तारखेला ३.४७ आणि ११ तारखेला ४.०५ दिसतंय. तो येईपर्यंत फर्स्ट शिफ्टचा माणूस मशीनवर अडकतो आणि त्याची कंपनीची बस निघून जाते. तक्रार त्यानेच केली.

१२ तारखेला सुपरवायझर आणि मी त्याला बोलावून तोंडी समज दिली. मॅनेजर म्हणाले, मेमो नको, पण तुझ्याजवळ एक नोंद असू दे, उद्या लागली तर. फॉरमॅट आमच्याकडे काहीच नाही. मी हे लिहिलंय:

"सदर कामगार नेहमी उशिरा येतो. आज त्याला समज दिली. त्याची वागणूक उद्धट होती व चूक मान्य करण्याची तयारी नव्हती. घरगुती कारणे सांगत होता. पुन्हा असे झाल्यास कडक कारवाई होईल असे सांगितले."

एवढं पुरेल का? त्याची सही घ्यायची का? आणि हे पर्सनल फाईलला लावायचं का?

जालनेकर_स्टील
सही घ्याच. सहीशिवाय कागदाला शून्य किंमत. आमच्याकडं पद्धतच आहे, तीन तोंडी समज झाल्या की चौथ्यांदा सरळ घरी. तारखा टाकल्यात ते बरं केलं, फक्त नोंदीत पण टाका.

आयआरवाला_काका
जालनेकर, तारखांचं तुमचं बरोबर आहे, बाकीचं नाही. तीन समज झाल्या की माणूस काढता येतो असा कुठलाही कायदा नाही. काढायचं म्हटलं तर आरोपपत्र, चौकशी, त्याची बाजू ऐकणं हे सगळं करावंच लागतं. आणि त्याचं मागचं रेकॉर्ड शिक्षा ठरवताना वापरायचं असेल तर ते नोटिशीत त्याला आधी कळवावं लागतं. सुप्रीम कोर्टाने मांचे गौडांच्या खटल्यात साठच्या दशकातच हे सांगून ठेवलंय. ड्रॉवरमधली नोंद ऐनवेळी काढून 'बघा, हा आधीपासूनच असा' म्हणता येत नाही.

प्रज्ञाताई, सहीबद्दल. स्थायी आदेशांत शिक्षांची यादी असते, तिची पहिली पायरीच ताकीद असते. तुम्ही कागदावर 'ताकीद' लिहून त्याची सही घेतली की युनियनवाला विचारणार, शिक्षा दिली तर आधी खुलासा मागितला का? म्हणून तोंडी समज ही तोंडीच राहू द्या. तुमची नोंद म्हणजे त्या दिवशी काय बोलणं झालं याची तुमची आठवण. खाली सही फक्त तुमची, लिहिल्याची तारीख आणि वेळ घालून.

आता मजकूर. तुमच्या पाच वाक्यांत घडलेली गोष्ट एकच आहे, समज दिली ही. 'नेहमी' म्हणजे किती वेळा? 'उद्धट' म्हणजे तो नेमकं काय म्हणाला? 'घरगुती कारणे' कोणती? आणि सुपरवायझर हजर होता हे त्यात कुठंच नाही. सहा महिन्यांनी तुम्हालाच वाचून काही आठवणार नाही.

प्रज्ञा_वाळूज
काका, त्याचे शब्द मला आठवतात. तो म्हणाला, "मॅडम, मी काय हौसेनं उशीर करायलो का? बापाला घाटीत डायलिसिसला न्यावं लागतं. सुपरवायझर सायबाला म्हणलो होतो मी." आवाज चढला होता. सुपरवायझर म्हणाले, मला असं काही सांगितलेलं नाही.

आयआरवाला_काका
मग हेच लिहायचं की! 'उद्धट' हे तुमचं मत. 'आवाज चढवून म्हणाला' आणि पुढे त्याचे शब्द, ही घटना. उलटतपासणीत मत टिकत नाही, घटना टिकते. आणि सुपरवायझरने नाकारलं तेही लिहा. कोण खरं हे तुम्ही नोंदीत ठरवायचं नाही.

मेधा_शेंद्रा
प्रज्ञा, एक सुचवते. तारखेपुढे वार लिही. ४ मंगळवार, ७ शुक्रवार, ११ मंगळवार. डायलिसिस ठरलेल्या वारीच असतं. हा माणूस नेहमी उशिरा येत नाही, मंगळवार-शुक्रवारी येतो. बाकीच्या दिवसांचं पंचिंग काढून बघ, वेळेवर असेल तर तेही नोंदीत आलं पाहिजे. त्याच्या बाजूची गोष्ट गाळलेली नोंद मी तरी कुणाला दाखवणार नाही.

प्रज्ञा_वाळूज
आत्ताच पाहिलं. या महिन्यात बाकी सगळे दिवस ३.३० च्या आत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नांदेडचा_गडी
ताई, मी एचआरवाला नाही, पण माझंच विचारायलो. मी आधी एका कंपनीत होतो. मला कारणे दाखवा नोटीस आली, त्यात लिहिलेलं की तुला दोनदा तोंडी समज दिली होती. मला कुणीबी कधी बोलावलं नाही! नंतर कागद दाखवले, दोन्ही एकाच पेनानं, एकाच हातानं, एका बसणीत लिहिल्यासारखे. माझ्या नावावर असा कागद आहे का हे कामगाराला कळायचं कसं?

जालनेकर_स्टील
दादा, धागा नोंद लिहायची कशी याचा आहे.

आयआरवाला_काका
असू द्या जालनेकर, मुद्दा याच धाग्याचा आहे. मागाहून लिहून मागची तारीख टाकलेली नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट. एका कोर्टात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. साक्षीदार अधिकारी आठवण म्हणून डायरी बघून उत्तरं देत होते. समोरच्या वकिलांनी ती डायरी मागितली. साक्षीदार कागद बघून आठवण ताजी करत असेल तर तो कागद बघायचा समोरच्याला हक्क असतो. वकिलांनी पान बघितलं आणि एकच विचारलं, या दिवशी तर कारखान्याला साप्ताहिक सुट्टी होती ना? त्यानंतर त्या साक्षीदाराचं खरं बोलणंही कुणी धरलं नाही.

म्हणून नोंद त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लिहायची. उशीर झालाच तर घटनेची तारीख वेगळी आणि लिहिल्याची वेगळी, दोन्ही उघड लिहायच्या. नंतर काही आठवलं तर जुनं खोडायचं नाही, खाली आजची तारीख घालून पुरवणी लिहायची. मी टाईप केलेली नोंद स्वतःच्याच ऑफिस मेलवर पाठवून ठेवायचो, वेळ आपोआप पडते.

आणि नांदेडकर, कामगाराला कळावं कसं, तर बोलणं संपताना तोंडावर सांगावं: 'आज जे बोललो त्याची मी माझ्याजवळ नोंद ठेवतोय.' मी सांगत आलोय. सगळे सांगत नाहीत.

मेधा_शेंद्रा
आम्ही तर वाचूनही दाखवतो. चुकलं असेल तर तो तिथंच सांगतो.

प्रज्ञा_वाळूज
आज १३ तारीख. सगळं धरून पुन्हा लिहिलं, बघा बरं:

"१२ तारीख, बुधवार, दुपारी ३.१० ते ३.२५, एचआर केबिन. हजर: ऑपरेटर, प्रेस शॉप सुपरवायझर, मी.
विषय: सेकंड शिफ्टला उशीर. ४ (मंगळ) ३.५२, ७ (शुक्र) ३.४७, ११ (मंगळ) ४.०५. या महिन्यात इतर दिवशी वेळेवर.
त्याला सांगितले: उशिरामुळे फर्स्ट शिफ्टच्या ऑपरेटरला थांबावे लागते व त्याची बस चुकते. ३.३० ला मशीनवर हजर राहावे. अडचण असेल त्या दिवशी दुपारी २ पर्यंत सुपरवायझरला फोन करावा. पुन्हा असे झाल्यास लेखी विचारणा होऊ शकते.
तो म्हणाला (आवाज चढवून): 'मी काय हौसेनं उशीर करायलो का? बापाला घाटीत डायलिसिसला न्यावं लागतं. सुपरवायझर सायबाला म्हणलो होतो मी.' सुपरवायझर म्हणाले, मला सांगितलेले नाही.
पुढे: मंगळवार-शुक्रवार फर्स्ट शिफ्ट देता येईल का, हे मी प्रॉडक्शनला विचारणार. २६ तारखेला तिघांनी पुन्हा बसायचे.
ही नोंद १३ तारखेला सकाळी १०.४० ला लिहिली. इतर दिवसांचे पंचिंग व शिफ्टबदलाचा विचार आज झाला, बैठकीत त्यावर बोलणे झाले नाही."

आयआरवाला_काका
शेवटची ओळ सगळ्यात चांगली. बैठकीत झालेलं आणि नंतर सुचलेलं वेगळं ठेवलंत. फक्त एक, २६ तारीख बैठकीत ठरली होती का?

प्रज्ञा_वाळूज
नाही, तीही आजच ठरवली. मग 'पुढे' हा भाग सगळा शेवटच्या ओळीखाली घेते आणि त्याला आज कळवते.

मेधा_शेंद्रा
मला एक खटकतंय. वडिलांच्या आजाराचं नाव आणि हॉस्पिटल लिहायची गरज आहे का? 'घरच्या आजारपणामुळे ठरलेल्या वारी हॉस्पिटलला न्यावे लागते' एवढं पुरे. नोंद उद्या कुणाच्याही हातात पडते. त्याने रागाच्या भरात सांगितलेली घरची गोष्ट आपण कशाला साठवायची?

आयआरवाला_काका
माझं मत उलट आहे. ते त्याच्याच फायद्याचं आहे. उद्या मॅनेजर बदलला आणि नवा म्हणाला की कारण कधी सांगितलंच नव्हतं, तर हे दोन शब्द त्याला वाचवतील. 'आजारपण' तर सगळेच सांगतात.

मेधा_शेंद्रा
मग त्यालाच विचारावं, लिहू का म्हणून. काका, यावर आपलं जमणार नाही.

जालनेकर_स्टील
तो कंपनीच्या रोलवर आहे ना? ठेकेदाराचा असता तर अशी समज तुम्ही द्यायचीच नव्हती, ठेकेदाराच्या सुपरवायझरकडून द्यायची. नाहीतर तुमचीच नोंद उद्या पुरावा होते, की माणूस प्रत्यक्षात कंपनीच्या हुकमाखाली होता.

आयआरवाला_काका
हे मात्र जालनेकरांचं सोळा आणे खरं. आम्ही सगळे विसरलो होतो.

प्रज्ञा_वाळूज
रोलवरच आहे, परमनंट. मग आता फाईलचं सांगा. पर्सनल फाईलला लावू का वेगळं ठेवू? आणि किती दिवस?

आयआरवाला_काका
पर्सनल फाईलला नको. तिथं गेलं की ते रेकॉर्ड झालं, आणि त्याला न कळवता रेकॉर्ड केलं असं होतं. तुमच्याजवळ कुलपात, सुपरवायझरला प्रत नाही, शेअर्ड फोल्डरमध्ये तर नाहीच. लेखी मेमोची वेळ आली तर मेमोत या बैठकीचा तारखेसह उल्लेख करा, म्हणजे त्याला उत्तर देता येईल. किती दिवस हे तुमच्या पॉलिसीत ठरवून घ्या. मी वर्षभर ठेवायचो, त्यात काही घडलं नाही तर फाडायचो.

मेधा_शेंद्रा
आमच्याकडे सहा महिने. पण वाद सुरू झाला असेल तर मुदत संपली म्हणून फाडायचं नाही, तिथून पुढे हात लावायचा नाही.

नांदेडचा_गडी
ताई, शिफ्टचं काय झालं ते पण कळवा. नोंद चांगली झाली, पण त्या गड्याला मंगळवार सुटला पाहिजे.

प्रज्ञा_वाळूज
प्रॉडक्शनला आज विचारलं. शुक्रवारचं जमेल म्हणाले, मंगळवारी फर्स्ट शिफ्टला माणूस जास्त होतो म्हणून अडतंय. फर्स्ट शिफ्टचा जो ऑपरेटर तक्रार घेऊन आला होता, त्यालाच मंगळवारी अदलाबदल चालेल का, हे उद्या त्याला विचारते. तसं झालं तर त्याची पुरवणी नोंदीत लिहायची की शिफ्ट रजिस्टरमध्येच पुरे?

आयआरवाला_काका
दोन्हीकडे. रजिस्टरमध्ये बदल, नोंदीत एक ओळ की तो कुणाशी बोलून, कुठल्या तारखेपासून झाला.