एकूण 63 मार्क तरी केटी: आयएचं पासिंग वेगळं हवंच का?

ऐरोलीकर_बाबा
मुलगा मुंबई युनिव्हर्सिटीत इंजिनीअरिंगला, सी स्कीम. एका विषयात थिअरीला 80 पैकी 58, आयएला म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत टेस्टना 20 पैकी 5, टोटल 63 आणि रिझल्ट फेल. त्याच्याच वर्गातला एक जण 33 आणि 9 असे 42 घेऊन पास. टोटल 40 झाले की पास करा ना, वेगळं पासिंग कशाला?

कळवा_स्लो
एकदम बरोबर बोललात काका, हा अन्यायच आहे. पण टेन्शन घेऊ नका, 3 मार्क ग्रेस मिळतात, 5 चे 8 होतील आणि सुटेल तो.

नेरुळची_मॅडम
नाही सुटणार. ग्रेस टोटलवर नसतो, प्रत्येक हेडवर वेगळा असतो आणि हेड जेवढं लहान तेवढा कमी. 51 ते 100 मार्कांच्या हेडला 3, पण 50 पर्यंतच्या हेडला 2 च. आयए 20 चं, म्हणजे 5 चे 7 होतील आणि पासिंग 8 ला आहे. थिअरीचे 32 च्या वर पडलेले 26 मार्क इकडे वळवता येत नाहीत. फक्त एक सांगा, 58 काढणाऱ्या मुलाला आयएत 5 कसे?

ऐरोलीकर_बाबा
पहिल्या टेस्टला 9 होते, दुसरीच्या वेळी डेंग्यू, आठवडाभर अ‍ॅडमिट.

नेरुळची_मॅडम
तिथेच घोळ झाला. आयए म्हणजे दोन टेस्टची सरासरी, त्यामुळे 9 आणि 0 चे साडेचार, राउंड करून 5. त्याचं थिअरी नाही, ती गैरहजेरी नापास झालीय. त्याला फक्त आयए परत द्यायची आहे, थिअरीचे 58 तसेच राहतात. पण तोवर त्या विषयाला एफ, क्रेडिट अडकलेले, आणि मार्कशीट बघणाऱ्याला केटी दिसते, ती 20 मार्कांच्या हेडची आहे हे कोणी विचारत नाही.

पण टोटलवर पासिंग हे मला अजिबात मान्य नाही. मी शिकवते म्हणून सांगते, आयएचे मार्क कॉलेज देतं. उद्या एखाद्या कॉलेजने सगळ्यांना 20 पैकी 20 वाटले तर पोराला थिअरीत 80 पैकी 20 पुरतील, म्हणजे पाव पेपर सोडवला की पास! 32 ची अट आहे म्हणून ते अडतं.

घोडबंदर_आई
आमचंही असंच झालं, मुलगी सीबीएसई बारावी, फिजिक्स प्रॅक्टिकल 30 पैकी 28 आणि थिअरी 70 पैकी 21. टोटल 49 असून नापास. ते थिअरीत 33 टक्के वेगळे मागतात, म्हणजे 23. दोन मार्कांनी गेलं, खूप रडली. आता प्रॅक्टिकल परत द्यावं लागेल का?

नेरुळची_मॅडम
नाही, थिअरीच द्यायची, प्रॅक्टिकलचे 28 पुढे धरले जातात. पण ताई, तुमची केस उलटी आहे. शाळेतले 28 आणि बाहेर तपासलेले 21, याच फरकासाठी अट ठेवलेली असते.

वाशी_इलेक्ट्रिकल
मॅडम, तुमच्याच हिशोबाने बघा ना. फुकट मार्क वाटले जातात ही भीती असेल तर थिअरीला 32 ची अट ठेवा, ती पुरेशी आहे, मग आयएला 8 ची अट कोणाला अडवते? ज्याच्या कॉलेजने मार्क वाटले त्याला नाहीच, तो 20 घेऊन बसलाय. अडकतो तो आजारी पडलेला नाहीतर सरांशी वाजलेला. आयएचे मार्क टोटलमध्ये धरा, कमी पडले तर ग्रेड उतरू दे, पण नापास करू नका. प्रॅक्टिकलचं वेगळं, तिथे किमान मार्क हवेतच, मोटर स्टार्टरची जोडणी न येणारा पोरगा थिअरीत 70 काढून आला तरी मी त्याला पॅनलजवळ उभा करणार नाही.

नेरुळची_मॅडम
थिअरीच्या अटीबद्दल तुमचं पटतं. पण आयएची अट काढली की दुसऱ्या टेस्टला वर्ग रिकामा असेल हे मी आज लिहून देते. पहिलीत 14 पडले की पोरं म्हणतात सरासरी 7 तर आहेच, कशाला यायचं. 8 ची अट आहे म्हणून येतात.

वाशी_इलेक्ट्रिकल
मग सरासरी काढू नका, दोन्हीतली चांगली टेस्ट धरा. या मुलाला 9 मिळाले असते, पास झाला असता.

नेरुळची_मॅडम
आणि दुसऱ्या टेस्टचा सिलॅबस कोण वाचणार? दोन्ही टेस्टचे भाग वेगळे असतात हो. त्यापेक्षा मेडिकल असेल तर त्याच सेमिस्टरमध्ये, थिअरी सुरू व्हायच्या आधी रीटेस्ट घ्या.

कळवा_स्लो
आमच्याकडे रीटेस्ट आहे असं सांगतात, पण अर्ज कधीपर्यंत द्यायचा ते नोटीस बोर्डवर कधी लागतच नाही.

ऐरोलीकर_बाबा
डिस्चार्ज पेपर आम्ही तेव्हाच क्लासटीचरकडे दिले होते, त्यांनी पुढे पाठवले की नाही काही कळलं नाही. उद्या कॉलेजात जातोय. मॅडम, आयए याच सेमिस्टरच्या बॅचबरोबर देता येईल की जूनपर्यंत थांबावं लागेल?