मदत हवी आहे: हे डिफ्लेक्शन की डिकॉय? आणि दुसऱ्या वेळी माझा वजीर फुकट का गेला?

भरती_ओहोटी (मालवण)
नमस्कार मंडळी. आम्ही आठ-दहा जण रविवारी संध्याकाळी पट मांडून बसतो. मागच्या महिन्यात माझ्याकडे पांढरी होती. समोरच्याने उंटाने माझा d5 वरचा घोडा मारला आणि "मागे हत्तीचा जोर आहे" म्हणून चहा ओतायला उठला. तेव्हाची स्थिती ॲपमध्ये चिकटवून बघा:

```
3r2k1/p4ppp/1q6/3b4/8/3Q4/PP3PPP/4R1K1 w - - 0 1
```

मी Qxd5 खेळलो. त्याने Rxd5 केलं आणि Re8 ने मात झाली. चहा गार झाला.

पुढच्या रविवारी दुसऱ्या एका काकांशी हुबेहूब अशीच स्थिती आली. मी ऐटीत वजीर दिला, हत्तीने मारला, मी Re8 शह दिला, आणि काकांचा राजा शांतपणे h7 वर जाऊन बसला. त्यांचं प्यादं h7 वर नव्हतंच, h6 वर होतं. एका उंटासाठी वजीर गेला.

प्रश्न दोन. एक, याला डिफ्लेक्शन म्हणायचं की डिकॉय? वजिराचं आमिष दाखवून हत्तीला d5 वर आणलं, म्हणजे डिकॉयच ना? दोन, वजीर देण्याआधी नेमकं काय तपासायचं? आणि इंटरफिअरन्स नावाचं जे तिसरं असतं ते मला अजून एकदाही पटावर दिसलेलं नाही.

तिरका_उंट
डिकॉयच आहे. आमिष आलं की डिकॉय. 1910 साली व्हिएन्नात रेटीने टार्टाकोवरला Qd8+ करून वजीर दिला, राजाने मारला, मग उंट g5 वर येऊन दुहेरी शह आणि पुढच्या खेळीला मात. तुमचंही तेच.

सोलकढी
मात वाचवायची असेल तर सुरुवातीलाच h6 खेळून टाकावं. मी कायम खेळते. माझ्या भाच्यालाही तेच शिकवलंय, शाळेच्या स्पर्धेत तो मागच्या ओळीवर कधीच हरत नाही. घड्याळावर हरतो, ती गोष्ट वेगळी.

भरती_ओहोटी
ताई, मला मात वाचवायची नव्हती, द्यायची होती :)

मास्तर_गुहागर
रेटीचं उदाहरण बरोबर आहे, पण ते या डावाला लागू नाही. आमिष दोन्हीकडे असतं, त्यामुळे आमिषावरून काही ठरत नाही. मी मुलांना एवढंच विचारायला सांगतो: तो मोहरा जिथे *आला* त्या घराला महत्त्व आहे, की तो जिथून *उठला* त्या घराला?

तुझ्या डावात हत्ती d5 वर आला. तो d4 वर आला असता तरी फरक पडला नसता. तो आठवी ओळ सोडून गेला, बस्स. आपल्याकडे गावाच्या वेशीवर राखणदार असतो ना, तसा तो हत्ती तिथला राखणदार होता. त्याला जागेवरून उठवलंस, म्हणून हे डिफ्लेक्शन. रेटीच्या डावात काळा राजा e8 वर काही राखत होता म्हणून वजीर दिला नाही. राजा d8 वरच हवा होता, कारण त्याच घरावर उंट आणि हत्तीचा शह एकदम बसतो. ते डिकॉय.

दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे. राखणदार उठवायच्या आधी त्याला पटावरून उचललंय असं समज आणि मग मात खरंच बसते का ते बघ. d8 वरचा हत्ती मनातून काढ आणि Re8 खेळ. पहिल्या डावात राजाला f7, g7, h7 या आपल्याच प्याद्यांनी कोंडलंय, आणि b6 वरचा वजीर f8 वर आडवा येऊ शकत नाही. मात. दुसऱ्या डावात हाच प्रयोग मनात केला असतास तर h7 मोकळं दिसलं असतं. तू Qxd5 पाठ केलंस, कोंडलेला राजा पाठ केला नाहीस.

आणि समोरच्याने वजीर मारलाच नाही तर? पहिल्या डावात तो Rf8 करतो आणि तुझा घोडा गेला होता त्याच्या बदल्यात उंट परत मिळालेला असतो. एक प्यादंही तुझं जास्त. म्हणजे नकार दिला तरी तुझं नुकसान नाही. हे उत्तर आधी माहीत हवं.

तिरका_उंट
मान्य. पण मग हे काय म्हणाल? पांढऱ्याची खेळी:

```
6k1/p4p2/1p1q1Pp1/6N1/8/1P4P1/P4PK1/7R w - - 0 1
```

Rh8+, राजाला मारावंच लागतं, कारण g7 वर f6 च्या प्याद्याचा जोर आहे. मग Nxf7+ आणि राजा-वजीर दोघांवर घोडा. राजा h8 वर *आला* म्हणून घोड्याच्या टप्प्यात सापडला, म्हणजे डिकॉय. पण g8 वरून *उठला* म्हणून f7 वरचा जोरही गेला! एरवी Nxf7 ला Kxf7 होतं.

मास्तर_गुहागर
इथे तू मला पकडलंस. दोन्ही आहे. मी त्याला डिकॉय म्हणेन, कारण राजा h8 वर आला नसता तर घोड्याचा शहच नव्हता. पण कोणी डिफ्लेक्शन म्हटलं तर मी भांडणार नाही.

भरती_ओहोटी
मास्तर, इंटरफिअरन्स राहिलं.

मास्तर_गुहागर
त्यात राखणदार हलतच नाही. त्याच्या आणि राखायच्या मोहऱ्याच्या मध्ये आपण उभं राहायचं.

```
3r2k1/p5pp/1pB5/8/4P3/2Rb1P2/6PP/6K1 w - - 0 1
```

d3 च्या उंटावर d8 वरून हत्तीचा जोर आहे, म्हणून Rxd3 जमत नाही. Bd5+ खेळ. शह आहे, शिवाय उभी पट्टी बंद झाली. राजा कुठेही सरकला की Rxd3, उंट फुकट. त्याने Rxd5 केलं तर exd5, उंटाच्या बदल्यात हत्ती मिळाला.

आता यातलं e4 चं प्यादं काढ. Bd5+ ला तो Rxd5 करतो, तुझा उंट गेला आणि त्याचा हत्ती d पट्टीवरून अजूनही d3 राखतोच आहे. आडव्या आलेल्या मोहऱ्याला आपला जोर नसेल तर समोरचा त्याला मारून वाट मोकळी करतो. आणि इथे शह नसता तर काळ्याने उंट शांतपणे हलवला असता. क्लबात हे दिसत नाही त्याचं कारण बहुधा हेच: जोर आणि शह एकाच खेळीत क्वचित जुळतात.

सोलकढी
माका ह्या तिसरा काय समाजला नाय. पांढऱ्याने e4 चं प्यादं e5 वर ढकललं असतं तर?

मास्तर_गुहागर
मग d5 वर त्याचा जोर राहत नाही. e5 वरचं प्यादं d6 आणि f6 राखतं. ताई, पट मांडून बघा, ॲपमध्ये नको.

भरती_ओहोटी
काल काकांचा फोन आला होता, रविवारी परत बसायचंय म्हणाले. त्यांचं h6 आता कायमचं असणार. मग मागच्या ओळीच्या मातीसाठी h7 कोणी राखायचं? माझा उंट d3 वर असता आणि वजीर दुसरीकडून d5 मारू शकत असता तर चाललं असतं का?

तिरका_उंट
d3-h7 तिरकी मोकळी असेल तर h7 बंद होईल. पण मग वजीर d5 पर्यंत कुठून आणणार? f3 वरून? स्थिती टाका, बघतो.