प्रतिसाद: डेंजर, वॉर्निंग आणि कॉशन

> ‘वॉर्निंग’ काय आणि ‘कॉशन’ काय, दोन्हीचा अर्थ सावधानच ना?

नाही. अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५ मानकात सुरक्षा-सूचनांच्या लेबलांवरच्या या शब्दांची उतरंड ठरलेली आहे. डेंजर म्हणजे काळजी घेतली नाही, तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. वॉर्निंगमध्ये इजा तेवढीच गंभीर, फक्त ‘होईल’च्या जागी ‘होऊ शकते’. कॉशनला मात्र इजाच हलकी किंवा मध्यम. म्हणजे पहिल्या दोघांत फरक शक्यतेचा, आणि वॉर्निंग-कॉशनमध्ये परिणामाचा.

मायक्रोवेव्हच घ्या. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरू शकतो, म्हणून मागचं कव्हर उघडण्याबद्दलची सूचना किमान वॉर्निंग हवी. गरम भांड्याने बोट पोळण्याची सूचना कॉशनमध्ये बसते. ओव्हन रिकामा चालवला तर बिघाड यंत्रात होतो, इजा नाही, तिथे ‘नोटीस’ हा चौथा शब्द पुरतो.

लेबलवर डेंजर लाल, वॉर्निंग नारिंगी, कॉशन पिवळं आणि नोटीस निळं असतं. काळ्या-पांढऱ्या छपाईत रंग जातात, आणि भाषांतरात बहुतेकदा सगळ्याचंच ‘सावधान’ होतं (हा वैताग नेहमीचाच). अशा वेळी शब्दाशेजारी उद्गारचिन्हाचा त्रिकोण आहे का ते बघा. तो शारीरिक इजेचा असतो, नोटीसला लावत नाहीत. मग खालच्या वाक्यात ‘होईल’ आहे की ‘होऊ शकते’, तेवढं वाचा.