मदत हवी आहे : कुवेतहून आलेल्या पैशावर टॅक्स लागतो का?

सागवेकर_पोर: घराचं छप्पर पावसाआधी बदलायचंय. आतेभाऊ कुवेतहून सहा लाख देतोय, त्यातले दीड आले. आता कोणी म्हणतं टॅक्स भरावा लागेल. खरं काय? सुतार थांबलाय, लवकर सांगा.

दाभोळखाडी: पैसे कोणाच्या खात्यात आले? तुमच्या की वडिलांच्या?

सागवेकर_पोर: बाबांच्या. घर त्यांचंच आहे. त्याने काय फरक पडतो?

आंबेवाला७२: काही लागत नाही. रक्ताचं नातं असलं की सूट असते. मला लंडनच्या काकांनी चार लाख दिले होते, एक पैसा भरला नाही.

कुलकर्णी_रत्नागिरी: आंबेवाले, तुमचं बरोबर आहे, पण ते उलट्या दिशेला लागू होत नाही. घेणाऱ्याच्या बाजूने नातं बघतात. काका-मामाने पुतण्या-भाच्याला दिलं तर करमुक्त. भाच्याने मामाला दिलं तर नाही, कारण कायद्याच्या यादीत आई-वडिलांची भावंडं आहेत, भावंडांची मुलं नाहीत. तुमच्या खात्यात घेतले असते तरी तेच, आते-मामेभावंडंही यादीत नाहीत. अशा लोकांकडून वर्षाला एकूण पन्नास हजारांच्या वर आलं की सगळी रक्कम उत्पन्नात धरतात, फक्त वरची नाही. म्हणजे दीड लाखच्या दीड लाख.

सागवेकर_पोर: म्हणजे बाबांनी आता टॅक्स भरायचा? त्यांची पेन्शन वर्षाला साडेतीन लाख आहे.

कुलकर्णी_रत्नागिरी: हे आधी सांगायचं होतं. पेन्शन साडेतीन आणि भेट सहा, मिळून साडेनऊ. नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत कर शून्य होतो. पण रिटर्न भरा आणि रक्कम 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवा. बँकेने कारण विचारलं तर वैयक्तिक भेट, P1302, असं सांगा. भाच्याकडून साधं भेटपत्र सही करून मागवून ठेवा. बँकेतून येणाऱ्या रकमेवर परकीय चलन कायद्याची मर्यादा नाही. फक्त तिथल्या ओळखीच्या माणसाकडे देऊन इथे रोख घेऊ नका, ती हवाला होते.

गोवळकोट: मुलगा दुबईहून सोनं आणणार आहे, विमानतळावर किती चालतं?

दाभोळखाडी: त्याचा वेगळा धागा काढा. सागवेकर, आत्या आहेत ना? भाच्याने आईला द्यावे, आईने भावाला. दोन्ही पायऱ्या करमुक्त.

कुलकर्णी_रत्नागिरी: कायद्याने चालतं, पण पैसा खरंच आत्याचा झाला पाहिजे. सकाळी आले, दुपारी पुढे गेले, तर आत्या फक्त नावाला आहे असं अधिकारी म्हणू शकतो. कर शून्यच येत असेल तर हा वळसा कशाला?

दाभोळखाडी: माझ्या ओळखीत असं केलेलं आहे, कोणी काही विचारलं नाही.

सागवेकर_पोर: आत्याचं नाव घराच्या उताऱ्यावर अजून आहे, आजोबांनंतर कमी केलेलं नाही. मग तिने स्वतःच्या घरावर खर्च केला असं नाही का धरता येणार?

कुलकर्णी_रत्नागिरी: हे नवीनच सांगताय. तिचा हिस्सा किती? उतारा आणि वारसनोंद बघितल्याशिवाय काही सांगणार नाही. तोवर उरलेले साडेचार लाख मागवू नका.

सागवेकर_पोर: उद्या तलाठ्याकडे जातो. सुताराला काय सांगू?